म्हण पूर्ण करता येते, पण प्रसंग चुकतो: सराव कसा घ्यावा?

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी करतोय. शे-दीडशे म्हणी त्याला पाठ आहेत. अर्धी म्हण दिली की उरलेली धाडकन सांगतो, अर्थही घोकलेला आहे. पण प्रसंग देऊन 'इथे कोणती म्हण लागू पडेल' असं विचारलं की निम्मी उत्तरं चुकतात. परवा 'एका हाताने टाळी वाजत नाही' यावर त्यानं 'सगळ्यांनी मिळून वर्ग सजवला आणि बक्षीस मिळवलं' असा प्रसंग लिहिला. आणखी म्हणी पाठ करून घेऊ, की दुसरं काही करू?

उत्तर:

ताई, नव्या म्हणी सध्या थांबवा. आहेत त्यातल्या तीस-चाळीस निवडा आणि त्यांच्यावरच जरा वेगळ्या रीतीनं काम करा. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि सरावपत्रिका काढण्याचं कामही बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे प्रश्न काढणारा पर्याय कसे निवडतो हेही थोडं सांगते.

अर्धी म्हण पूर्ण करणं हे बहुतांशी कानाचं काम आहे. 'अडला हरी' म्हटलं की 'गाढवाचे पाय धरी' आपोआप येतं, कारण हरीला धरी जुळतं. 'काखेत कळसा' म्हटलं की 'गावाला वळसा'. 'बैल गेला' म्हटलं की 'झोपा केला'. म्हणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकल्या त्या या यमकांच्या आणि ठेक्याच्या जोरावर. त्यामुळे मुलानं म्हण पूर्ण केली म्हणजे त्याला ती समजली, असं अजिबात नाही. त्यानं ती ऐकली आहे, एवढंच त्यातून कळतं.

अर्थाची गोष्ट आणखी फसवी आहे. मार्गदर्शकांत म्हणीपुढे एका ओळीचा अर्थ असतो आणि तो इतका आवळलेला असतो की दोन वेगळ्या म्हणींचे अर्थ सारखेच वाटू लागतात. 'बैल गेला नि झोपा केला' म्हणजे 'गोष्ट घडून गेल्यावर तिची व्यवस्था करणे'. 'वरातीमागून घोडे' म्हणजे 'योग्य वेळ निघून गेल्यावर काम करणे'. आता या दोन ओळी घोकलेल्या मुलानं प्रसंग वाचून निवड कशी करायची? दोन्हींत उशीरच झालेला आहे. चूक मुलाची नाही, त्याच्या हातात दिलेला अर्थच अपुरा आहे.

म्हणून मी म्हण फळ्यावर लिहिली की आधी अर्थ विचारत नाही. ज्याच्याबद्दल ही म्हण बोलली जाते त्या माणसानं नेमकं काय केलेलं असतं, ते विचारते. मग ही म्हण घटनेच्या आधी म्हणतात, घडत असताना म्हणतात की सगळं झाल्यावर, ते विचारते. आणि शेवटी म्हणणाऱ्याचा सूर कसला: टोमण्याचा, कीव केल्याचा, इशाऱ्याचा की समजावण्याचा? एवढं बोलून झालं की अर्थ मुलं स्वतःच सांगतात, आणि मार्गदर्शकातल्यापेक्षा चांगला सांगतात.

वरचीच जोडी घेऊन बघा. बैलाच्या म्हणीतल्या माणसाकडे काहीतरी मोलाचं होतं, ते त्यानं राखलं नाही, ते गेलं, आणि मग त्यानं राखणीची सोय केली. म्हणजे निष्काळजीपणा, नुकसान आणि उशिरा आलेली सावधगिरी, या तिन्ही गोष्टी प्रसंगात दिसल्याच पाहिजेत. वरातीच्या म्हणीत नुकसान होण्याची गरज नाही. घोडा वरातीत हवा होता, तो वरात निघून गेल्यावर आला, त्यामुळे आता त्याचा उपयोग नाही, इतकंच. स्नेहसंमेलन शुक्रवारी झालं आणि नाटकाचे कपडे सोमवारी पोचले, तर वरातीमागून घोडे. इमारतीतून दोन सायकली गेल्या आणि मग समितीनं फाटकाला कुलूप लावलं, तर बैल गेला नि झोपा केला.

हे पडताळायला मी मुलांना एक जुळवणी करायला लावते. म्हणीतली प्रत्येक वस्तू प्रसंगात शोधायची. सायकलींच्या प्रसंगात बैल कोणता? सायकली. झोपा कोणता? कुलूप. सगळं जुळलं. आता तीच म्हण स्नेहसंमेलनाला लावून बघा. बैल कोणता? काही गेलेलंच नाही. बैल सापडत नाही म्हणजे म्हण चुकली. म्हणीतली एखादी वस्तू प्रसंगात जोडीदार न मिळता एकटी उरली, की तो पर्याय खोडायचा.

परीक्षेत हा सायकलींचा प्रसंग आला तर पर्याय साधारण असे असतील: चोराच्या उलट्या बोंबा, वरातीमागून घोडे, बैल गेला नि झोपा केला, चोराच्या मनात चांदणे. यातल्या दोन 'चोर'वाल्या म्हणी मुद्दाम घातलेल्या असतात. प्रसंगात चोरी आहे, मग घाईत असलेलं मूल चोर दिसला की खूण करून मोकळं होतं. पण जुळवणी करा. उलट्या बोंबांसाठी दोषी माणसानंच दुसऱ्यावर ओरडायला हवं, आणि इथे चोर तर प्रसंगात बोलतच नाही. चांदण्यासाठी अपराध्याच्या मनात धाकधूक हवी, तीही इथे नाही. दोन्ही गेल्या. प्रश्न काढताना आम्ही असे पर्याय साधारण दोन ठिकाणांहून उचलतो: एक तर प्रसंगातलाच शब्द असलेली म्हण, नाहीतर अर्थानं शेजारची म्हण. मुलाला हे आधी सांगून ठेवलं की तो शब्दाला भुलत नाही.

जुळवणी करायची तर म्हणीतली वस्तू काय आहे हे माहीत हवं, आणि शहरातल्या मुलांचं घोडं इथे अडतं. 'झोपा' म्हणजे झोप असं समजून बैल गेल्यावर शेतकरी झोपला, असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. हा झोपा म्हणजे गोठ्याला लावायचं काटक्या-झावळ्यांचं साधं दार. कळसा म्हटला की त्यांच्या डोळ्यांसमोर देवळाचा कळस येतो. खरं तर ते कमरेवर, काखेत घेऊन पाणी आणायचं भांडं आहे. ते स्वतःच्याच काखेत असताना बाई गावभर शोधत फिरते. बाशिंग कपाळाला बांधतात हे ठाऊक नसेल तर 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' यातली गंमतच कळत नाही. गुडघ्याला का, तर घाईत कुठे बांधायचं याचंही भान राहिलं नाही. पोहरा म्हणजे आडातून पाणी शेंदायचं भांडं. आडातच पाणी नसेल तर ते पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या यादीतल्या अशा वस्तूंवर आधी खुणा करा. मुलाच्या आजी-आजोबांना त्या माहीत असतील तर त्यांच्याकडूनच वर्णन करून घ्या. नसतील तर दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश मोठ्या वाचनालयांत पाहायला मिळतो.

आता संकटाच्या म्हणींकडे जरा सविस्तर वळते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. 'आगीतून फुफाट्यात', 'इकडे आड तिकडे विहीर' आणि 'दुष्काळात तेरावा महिना'. तिन्हींचा अर्थ मुलं 'संकटावर संकट येणे' असाच लिहितात. मी वर्गात यासाठी एकच शेतकरी घेते आणि त्याच्या गोष्टीतलं एखादं वाक्य बदलत जाते. पावसानं ओढ दिली आणि त्याचं सोयाबीन करपलं, ही सुरुवात तिन्हींत तीच.

पहिल्या गोष्टीत पुढे असं होतं की त्याच आठवड्यात घरची दुभती म्हैस आजारी पडली आणि दुधाचे पैसेही थांबले. इथे माणसानं काहीच केलेलं नाही. तो जागेवरच आहे, जुनं संकट संपलेलं नाही आणि वरून आणखी एक येऊन पडलं. हा दुष्काळात तेरावा महिना. हा महिना म्हणजे अधिक मास. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, ती तफावत भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. आधीच दुष्काळ, घरात दाणे मोजके, आणि त्या वर्षाला महिने मात्र तेरा. २०२३ मध्ये तर ही म्हण अक्षरशः खरी झाली होती. त्या वर्षी अधिक श्रावण होता, ऑगस्ट कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मुलांना हे सांगितलं की म्हण पुन्हा विसरत नाहीत. २०२६ मधला अधिक ज्येष्ठ दिनदर्शिकेत दाखवता येईल.

दुसऱ्या गोष्टीत तो सावकाराचा तगादा चुकवायला दुसऱ्या सावकाराकडून कर्ज घेतो आणि तिथलं व्याज पहिल्यापेक्षा जास्त निघतं. इथे माणूस हलला आहे. एका संकटातून सुटायला त्यानं स्वतः पाऊल उचललं आणि ते पाऊल दुसऱ्या संकटात पडलं. फुफाटा म्हणजे निखाऱ्यांची धगधगती राख. आगीबाहेर उडी मारली खरी, पण पाय पोळायचे ते पोळलेच. पाऊल उचलल्याचा उल्लेख प्रसंगात नसेल तर ही म्हण लावू नये.

तिसऱ्या गोष्टीत थोडंफार सोयाबीन हाती आलं आहे. आत्ता विकावं तर भाव पडलेला, ठेवावं तर गळक्या कोठीत भिजून बुरशी धरतं. माणूस अजून मध्येच उभा आहे. वाटा दोन, दोन्ही वाईट, आणि निवड व्हायची बाकी आहे. इकडे आड तिकडे विहीर. त्यानं एकदा निवड केली आणि ती अंगाशी आली की ही म्हण तिथे लागू राहत नाही.

मुलाला ही तीन वाक्यं तोंडी सांगा आणि मग स्वतःच्या आयुष्यातला असा एक प्रसंग घेऊन तो तीनदा बदलायला सांगा. दहा वेगळ्या गोष्टी लिहिण्यापेक्षा एकच गोष्ट तीनदा बदलण्यानं जास्त काम होतं. कोणत्या वाक्यामुळे म्हण बदलली, तिथे बोट ठेवता आलं पाहिजे.

वेळेचा प्रश्न कुठे निर्णायक ठरतो ते 'कामापुरता मामा' आणि 'गरज सरो, वैद्य मरो' यांत दिसतं. दोन्ही स्वार्थी माणसाबद्दलच. पण मामा म्हणणं चालू असतं तेव्हा काम व्हायचं असतं. गोड बोलणं, गोंजारणं हे दिसतं. वैद्याच्या म्हणीत काम झालेलं असतं आणि माणूस आता ओळख दाखवत नाही. प्रसंग कुठे थांबतो ते बघायचं. 'परीक्षा जवळ आली की समीर रोज ओमच्या घरी येतो, एरवी त्याच्याशी बोलतही नाही' हा मामा. 'निकाल लागला आणि समीरनं ओमला वाढदिवसालाही बोलावलं नाही' हा वैद्य.

सबबींच्या म्हणींतही असंच सूक्ष्म अंतर आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' यात माणसानं काम करून पाहिलेलं असतं, ते जमलेलं नसतं, आणि तो दोष जागेला किंवा साधनाला देतो: बॅटच जड होती, पेनच अडकत होतं. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' यात दोष साधनाला नाही, तर जे मिळालं नाही त्या वस्तूलाच दिला जातो: त्या संघात तसाही दम नाही, बरं झालं निवड झाली नाही. अंगण आहे की द्राक्षं, एवढं शोधलं की झालं.

आता टाळीकडे येते. इथे जुळवणी एकटी पुरत नाही, हे मान्य करायला हवं. तुमच्या मुलानं खरं तर जुळवणी केलीच आहे: अनेक हात म्हणजे अनेक मुलं, टाळी म्हणजे बक्षीस. तर्क म्हणून त्यात खोट नाही. पण मराठीत ही टाळी भांडणाची आहे, हे केवळ वापरातून ठरलेलं आहे आणि ते ऐकूनच कळतं. दोन भावंडं भांडतात, एक रडत येऊन सगळा दोष दुसऱ्यावर टाकतं, तेव्हा घरातलं मोठं माणूस म्हणतं, एका हाताने टाळी वाजत नाही. म्हणजे तुझंही काहीतरी चुकलं असणार. सूर दटावणीचा, समजावणीचा. कौतुकाचा कधीच नाही. म्हणून मी सुराचा प्रश्न सोडू देत नाही. वर्ग सजवण्याच्या त्याच्या प्रसंगाला 'गाव करी ते राव न करी' चालेल, कारण तिथे अनेकांनी मिळून असं काही केलं जे एकट्यादुकट्याला जमलं नसतं. जाता जाता सांगते, दांडग्या मुलानं लहानग्याला विनाकारण मारलं असेल तर तिथेही टाळीची म्हण लावू देऊ नका. मोठी माणसं सर्रास लावतात, पण तिथे वाजवणारा हात एकच असतो.

सुराबरोबरच, म्हण कोणासमोर बोलायची हाही भाग येतो. एका मुलानं वहीत लिहिलं होतं: 'मला गणित जमत नव्हतं म्हणून मी बाईंकडे गेलो. म्हणतात ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी.' जुळवणी करून बघा म्हटल्यावर वर्ग हसायला लागला आणि तो बिचारा लाल झाला. हरी तो, मग गाढव कोण? या म्हणीत एरवी वरचढ असलेल्या माणसाला गरजेपोटी नालायक माणसापुढे वाकावं लागतं. शिक्षक, डॉक्टर, आईवडील यांच्याकडे मदत मागणं हा त्या म्हणीचा प्रसंग नव्हे. शहाण्या अधिकाऱ्याला एखाद्या उर्मट मध्यस्थाची मनधरणी करावी लागली, तर तो घरी येऊन स्वतःबद्दल हे म्हणू शकतो, त्या मध्यस्थासमोर नाही. गाढव, कोल्हा, कुत्रा ज्यांत येतात अशा बहुतेक म्हणी माणसाच्या पाठीमागे बोलायच्या असतात किंवा स्वतःवर घ्यायच्या असतात. निबंधात आदरणीय व्यक्तीबद्दल त्या आल्या की परीक्षकाच्या डोळ्यांत खुपतात.

मुलं कधीकधी विचारतात की म्हणी एकमेकींच्या विरुद्ध का बोलतात. 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणते थोडं पाहून सगळं ओळखा, आणि 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' म्हणते तसं ओळखू नका. प्रसंग घातला की भांडण मिटतं. एकाच पातेल्यात एकत्र शिजलेला भात असेल तर एक शीत पुरतं. दुकानातल्या पाच वह्यांपैकी एक उघडून कागद पाहिला, तर चालतं. पण आंब्याची पेटी घेतली, वरचा थर देखणा होता आणि खालचे डागाळलेले निघाले, तिथे दुसरी म्हण. सगळं एकाच घाण्यातलं आहे की वरचं मुद्दाम वर ठेवलेलं आहे, हे बघायचं.

म्हण पूर्ण करण्याच्या प्रश्नांबद्दलही दोन शब्द. म्हणींचे पाठभेद असतात. हरीच्या जागी नारायण अडतो, संन्याशाला कुठे फाशी असते तर कुठे सुळी, 'गाव करी ते राव न करी' हे 'गाव करील ते राव काय करील' असंही ऐकू येतं. परीक्षेपुरतं पाठ्यपुस्तकातलं रूप धरा, पण आजीनं वेगळं सांगितलं तर ते चुकीचं म्हणून खोडू नका. चार पर्यायांच्या प्रश्नात सहसा एकच पाठ दिलेला असतो, त्यामुळे अडत नाही. अडतं ते लेखी रिकाम्या जागेत, आणि तेही तपासणारा कोण यावर अवलंबून.

घरी रिकाम्या जागा तुम्हीच काढणार असाल तर यमकाचा शब्द गाळू नका, तो कानच भरून काढतो. 'काखेत कळसा, गावाला ____' यापेक्षा '____ कळसा, गावाला वळसा' बरं, कारण तिथे वस्तू कुठे आहे याचा विचार करावा लागतो, आणि म्हणीचा सगळा मुद्दा तोच आहे. म्हणीचा मुद्दा ज्या शब्दात आहे तो शब्द गाळायचा. 'दुष्काळात ____ महिना', '____ भाताची परीक्षा', '____ बाशिंग'.

सरावाचं प्रमाण म्हणाल तर आठवड्याला पाच-सहा म्हणी पुरेत. पण त्या सुट्या घेऊ नका, एकमेकींत गोंधळ होईल अशा शेजारच्या घ्या. सुट्या घेतल्या तर मूल अंदाजानंही बरोबर येतं आणि तुम्हाला वाटतं जमलं. प्रसंग तुम्ही लिहीत असाल तर दोन-तीन वाक्यांचा असू द्या: माणसानं काय केलं, त्याआधी काय होतं, शेवटी काय झालं. म्हणीतला एकही शब्द प्रसंगात येऊ देऊ नका. शेतकऱ्याच्या पहिल्या गोष्टीत दुष्काळ हा शब्द मी टाळला आहे, तो म्हणूनच. दोन-तीन दिवसांनी उलटं करा: प्रसंग त्यानं रचायचा आणि म्हण तुम्ही ओळखायची. तुम्हाला दोन म्हणी लागू वाटल्या तर दोन्ही सांगा आणि एक खोडण्यासाठी कोणतं वाक्य घालावं लागेल ते त्याला शोधू द्या. हे काम त्याला जड जाईल, पहिल्या आठवड्यात कुरकुरही करेल, पण खरी पकड इथेच येते.

मुलगा एखादा जुना म्हणसंग्रह हाताळत असेल तर त्यात जातींवर, बायकांवर, अपंगांवर टोमणे मारणाऱ्या बऱ्याच म्हणी सापडतील. त्या पाठ करण्याच्या यादीत घेऊ नका. पण तो विचारायला आला तर उडवूनही लावू नका. ही म्हण कोण कोणाला मारत होतं, हा वरचाच प्रश्न तिलाही विचारा. उत्तर त्याचं त्यालाच सापडतं.

शेवटी एक मर्यादा. काही म्हणी खरोखरच इतक्या जवळ आहेत की एकाच प्रसंगाला दोन्ही चालतात. 'खाई त्याला खवखवे' आणि 'चोराच्या मनात चांदणे' ही तशी जोडी. फरक करायचाच तर असा करता येतो. सुरणासारखी कंदभाजी खाल्लेल्याचाच घसा खवखवतो, म्हणजे कोणी मोघम बोललं तरी ज्यानं केलं त्यालाच ते टोचतं. चांदण्याच्या म्हणीत कोणी काहीच बोललेलं नसतं, तरी अपराधी पकडलं जाण्याच्या धास्तीत असतो. वर्गात बाई म्हणाल्या, 'कोणीतरी फळ्यावर रेघोट्या ओढल्यात,' आणि एकटा निखिल उसळून म्हणाला, 'मी नाही हं!' तर माझ्या मते खवखवे. कोणी काही बोलण्याआधीच तो बाईंची नजर चुकवत बसला असेल तर चांदणे. पण ही बारीक रेघ सगळे प्रश्न काढणारे पाळत नाहीत. सरावपुस्तकात एकाच प्रश्नाला या दोन्ही म्हणी पर्याय म्हणून दिसल्या आणि प्रसंगात असा खुलासा नसेल, तर तो प्रश्न सोडून पुढे जा. त्या प्रश्नावरून मुलाची पारख करू नका.